जांभळा कोबी निळा का झाला?

दिवाळीच्या सुट्टीत मामा पुण्याहून जांभळा कोबी घेऊन आला. आमच्या घरी असला कोबी पहिल्यांदाच आला. आईने अर्धा गड्डा चिरला आणि बोअरच्या पाण्यात शिजत ठेवला. थोड्या वेळाने बघतो तर काय, पाणी शाईसारखे निळे! आजी म्हणाली, "ह्याला रंग लावलाय. पोरांच्या पोटात नको जायला, दे टाकून." मामाचे तोंड एवढेसे झाले. मला फार वाईट वाटले. मी म्हटले, "आई, उद्यापर्यंत झाकून ठेव. मी गुरुजींना विचारतो."

उरलेला अर्धा गड्डा मी शाळेत नेला. गुरुजी म्हणाले, "बाहेरची पाने काढून टाक. आतली घे. तिथे कोण रंग लावणार?" आम्ही आतली चार पाने बारीक चिरली, दोन कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवली आणि गाळली. हे पाणी जारचे होते. रस छान जांभळा निघाला. म्हणजे रंग कोबीचाच!

मग पाच पांढऱ्या कपांत तीन तीन चमचे रस घेतला. एक कप तसाच ठेवला, म्हणजे फरक कळतो. दुसऱ्यात लिंबू पिळले, रस गुलाबी झाला. तिसऱ्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला, रस निळा झाला. चौथ्यात पानाच्या चुन्याची वरची निवळी घातली. ती गुरुजींनीच घातली, कारण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. रस हिरवा झाला आणि मग पिवळट पडला. पाचव्यात मीठ टाकले, पण काहीच बदलले नाही. मी चिंचेचा कोळ पण घालून पाहिला, पण चिंचेचाच रंग तपकिरी, त्यामुळे नीट कळले नाही.

गुरुजींनी सांगितले, "ह्या रंगाचे नाव अँथोसायनिन. आंबट पदार्थात म्हणजे आम्लात तो गुलाबी होतो. सोडा, चुना हे आम्लाच्या उलट, त्यात तो निळा-हिरवा होतो. मीठ दोन्हीकडचे नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो ना, तसेच हे."

मी विचारले, "पण आईने तर सोडा घातला नव्हता!" गुरुजी म्हणाले, "तुमच्या पातेल्याला आतून पांढरा थर बसतो का?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "बोअरच्या पाण्यात खडकातले क्षार असतात. असे पाणी उकळले की ते थोडे सोड्यासारखे होते."

मी घरी जाऊन दोन्ही पाणी वेगवेगळे उकळले आणि थोडा थोडा रस घातला. जारच्या पाण्यात रस जांभळाच राहिला, बोअरच्या पाण्यात निळा झाला. मग आजीसमोर त्या निळ्या रसात लिंबू पिळले. रस आधी जांभळा आणि मग गुलाबी झाला!

आईने उरलेला कोबी शिजवताना लिंबू पिळले. भाजी गुलाबी झाली. आजीने आधी मामाला वाढली, मग स्वतः खाल्ली.

— इयत्ता चौथी, जि. प. प्राथमिक शाळा, डाळज