वीस वर्षांची दलाली : म्युच्युअल फंडातील ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’चा हिशेब

जुन्नर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागातील आपले अनेक व्यापारी बांधव आता दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकू लागले आहेत. व्याज नको म्हणून बँकेच्या मुदत ठेवीपासून दूर राहणारे काही जण टाटा एथिकल किंवा टॉरस एथिकल यांसारख्या फंडांची निवड करतात. फंड कोणता, याची चौकशी सर्वजण करतात. परंतु त्याच फंडाचे दोन भाव असतात आणि आपण कोणत्या भावाने घेतला, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड कंपनीला आपल्या योजनांची ‘डायरेक्ट’ आवृत्ती द्यावी लागते. बँकेचा अधिकारी किंवा एजंट यांच्यामार्फत घेतली ती रेग्युलर, कंपनीकडून थेट घेतली ती डायरेक्ट. दोन्हींचे पैसे एकाच ढिगात जातात, शेअर तेच आणि मॅनेजरही तोच. कापडाच्या भाषेत सांगायचे तर ठाण एकच, दुकाने दोन. फरक एवढाच की डायरेक्टच्या खर्चात विक्रेत्याची दलाली धरलेली नसते, म्हणून तिचे खर्चाचे प्रमाण, ज्याला एक्स्पेन्स रेशो म्हणतात, कमी असते.

येथे आपल्या धंद्यातील दलालीशी तुलना करून पाहावी. मालेगाव किंवा इचलकरंजीहून माल घेताना दलालाला सौद्याच्या वेळी एकदा टक्का दिला की विषय संपला. तो माल आपल्या दुकानात पुढे कितीही नफा देवो, दलाल पुन्हा हात पसरत नाही. फंडाची दलाली तशी नाही. ती दरवर्षी, साठलेल्या संपूर्ण रकमेवर, म्हणजे मुद्दल आणि नफा दोन्हींवर आकारली जाते. शिवाय तिचे बिल येत नाही. वार्षिक खर्चाचा रोजचा हिस्सा योजनेतून वजा करूनच त्या दिवशीची एन.ए.व्ही. जाहीर होते. खिशातून काही गेले असे वाटत नाही, म्हणून कोणी विचारत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब करू. मंचरचा एक दुकानदार दरमहा ५,००० रुपये वीस वर्षे टाकतो असे समजा. एकूण भरणा १२ लाख रुपये. फंडातील शेअरांनी खर्चापूर्वी वर्षाला सरासरी १२ टक्के दिले असे धरू. हे केवळ हिशेबासाठी गृहीत आहे, बाजार कोणालाही असे वचन देत नाही. रेग्युलरचा खर्च २ टक्के आणि डायरेक्टचा १ टक्का धरला, तर हातात अनुक्रमे १० आणि ११ टक्के राहतात.

पाच वर्षांनंतर रेग्युलरमध्ये सुमारे ३ लाख ८७ हजार आणि डायरेक्टमध्ये ३ लाख ९८ हजार होतात. फरक दहा हजारांचा. एवढ्यासाठी कोण धावपळ करील, असे कोणीही म्हणेल, आणि एजंटही हेच म्हणतो. दहा वर्षांनंतर फरक ६१ हजारांवर जातो, पंधरा वर्षांनंतर २ लाखांवर. वीस वर्षे पूर्ण होतात तेव्हा रेग्युलरमध्ये सुमारे ३७ लाख ९७ हजार, तर डायरेक्टमध्ये ४३ लाख २८ हजार असतात. फरक ५ लाख ३१ हजार रुपयांचा. बारा लाखांच्या भरण्यावर सव्वापाच लाखांहून अधिक!

हा आकडा एवढा का फुगतो, ते नीट समजून घेतले पाहिजे. पहिल्या वर्षी ढीगच लहान, म्हणून एक टक्का म्हणजे काहीशे रुपये. विसाव्या वर्षी ढीग सरासरी पस्तीस-छत्तीस लाखांचा असतो. त्याचा एक टक्का म्हणजे त्या एका वर्षात पस्तीस हजारांहून अधिक, आणि आपला त्या वर्षाचा भरणा तर ६० हजारच! शिवाय पूर्वीच्या वर्षांत गेलेला प्रत्येक रुपया पुढे जो नफा कमावणार होता, तोही गेलेला असतो. थोडक्यात, नुकसानीचा मोठा भाग शेवटच्या पाच-सात वर्षांत दिसतो, आणि तोवर माणसाला सवय झालेली असते.

प्रत्येक फंडात हा फरक एक टक्काच असतो असे नाही. कोठे अर्धा, कोठे त्याहून जास्त. निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांत तो बहुधा बराच कमी असतो. अर्धा टक्का फरक असेल तर वरील पाच लाखांचे साधारण अडीच लाख होतात. आपल्या फंडाचा आकडा कंपनीच्या आणि ॲम्फीच्या संकेतस्थळावर पाहता येतो. तो बदलत असतो, म्हणून वर्षातून एकदा पाहावा.

आपली योजना कोणती हे ओळखणे सोपे आहे. खात्याच्या पत्रकावर योजनेच्या नावापुढे Direct किंवा Regular लिहिलेले असते. एजंटच्या जागी ARN ने सुरू होणारा क्रमांक असेल तर दलाली चालू आहे. सहा महिन्यांनी येणाऱ्या एकत्रित पत्रकात तर विक्रेत्याला किती रुपये दिले गेले हेही छापलेले असते. ते पान बहुतेक जण उघडतच नाहीत. आणखी एक गैरसमज असा की डायरेक्टची एन.ए.व्ही. जास्त दिसते म्हणून ती ‘महाग’. वास्तविक ती जास्त आहे, कारण तिच्यातून कमी कापले गेले आहे.

एजंटचा मेहनताना हरामाचा आहे असे मी म्हणणार नाही. जो माणूस फॉर्म भरून देतो, वारसाचे नाव नोंदवतो आणि मार्च २०२० सारख्या पडझडीत घाबरून विकू देत नाही, त्याने आपली मजुरी वसूल करून दिली. त्या वेळी सेन्सेक्स दोन महिन्यांत ४२ हजारांजवळून २६ हजारांखाली आला होता. तेव्हा विकून बाहेर पडलेल्या माणसाचे नुकसान वीस वर्षांच्या दलालीपेक्षाही मोठे ठरू शकते. परंतु एकदा सही घेऊन पुन्हा न फिरकणाऱ्याला दरवर्षी वाढता टक्का कशासाठी द्यायचा, हा सवाल राहतोच.

ज्यांचे पैसे आधीच रेग्युलरमध्ये आहेत त्यांनी घाईने सर्व रक्कम हलवू नये. त्याच फंडात रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे हीदेखील विक्रीच धरली जाते. २३ जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे, शेअर फंडात एक वर्षाहून अधिक ठेवलेल्या युनिटांवरील नफा आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला तर वरच्या रकमेवर साडेबारा टक्के कर लागतो. वर्षाच्या आत काढल्यास कर अधिक, आणि बऱ्याच फंडांत निर्गम शुल्कही पडते. दरमहाच्या भरण्यात प्रत्येक हप्त्याचे वर्ष वेगळे मोजले जाते, हे विसरू नये.

म्हणून प्रथम रेग्युलरमधील पुढील हप्ते बंद करून तेच हप्ते डायरेक्टमध्ये सुरू करावेत. त्यावर काहीच कर नाही. नंतर जुन्या युनिटांपैकी दरवर्षी एवढाच भाग हलवावा की इतर शेअर व्यवहार धरून नफा सव्वा लाखाच्या आत राहील. जुनी युनिटे आधी निघतात, आणि त्यांच्यातच नफा जास्त असतो, म्हणून पहिल्या वर्षी रक्कम अपेक्षेपेक्षा कमी हलेल. मार्चअखेरीस एक भाग आणि एप्रिलमध्ये दुसरा, असे केल्यास दोन आर्थिक वर्षांची सवलत काही दिवसांच्या अंतराने मिळते.