आधी मुद्दल फेडून टाक

अगं, दार लोटून घे आणि बस इथे. नोटीस घेऊन नाही आले मी. ती येईल तेव्हा सेक्रेटरींच्या सहीने, रीतसर येईल. त्याआधी तुझं खातं तुझ्यापुढे मांडावं म्हणून आले. आणि हो, तुझा नळ कुणी तोडणार नाही. जिन्यात काहीही कुजबुजू देत, थकबाकीपायी पाणी बंद करायचा अधिकार सोसायटीला नाही.

पण देणं आहे ते आहेच. महिन्याला 3,000 प्रमाणे तुझी 24 बिलं राहिली आहेत, म्हणजे मुद्दल 72,000. व्याज आपल्या आमसभेने वर्षाला 18 टक्के ठरवलंय. उपविधींत 21 टक्क्यांपर्यंत मुभा आहे, तीही सरळ व्याजाची. म्हणजे एका बिलावर महिन्याला 45 रुपये. सगळ्यात जुन्या बिलावर 23 महिन्यांचं, त्याच्या पुढच्यावर 22 चं, असं करत आजपर्यंतचं व्याज होतं 12,420.

आता तुझं शेवटचं बिल काढ बरं. त्यावर एकूण 85,900 दिसतंय ना? संगणकाने दर महिन्याला व्याज थकबाकीत मिसळलं आणि त्या व्याजावरही व्याज लावलं. ते चुकीचं आहे. खरा आकडा 84,420. ही 1,480 ची दुरुस्ती मी करून घेते. त्यासाठी तुला कुणापुढे हात जोडायला नकोत. बिलावर ‘मागील बाकी’ एकाच रकान्यात असली, मुद्दल आणि व्याज वेगळं दाखवलेलं नसलं, की तिथेच संशय घ्यायचा.

तू पैसे थांबवलेस ते गच्चीच्या गळतीमुळे, हे मला ठाऊक आहे. तुझ्या बेडरूमच्या छताचे पोपडे मी पाहिलेत. गच्चीची गळती दुरुस्त करणं सोसायटीचंच काम आहे, आणि त्या गळतीने खराब झालेलं तुझ्या छताचं प्लॅस्टरसुद्धा. पण ते भांडण वेगळं नि मेंटेनन्स वेगळा. गळतीचा खर्च आपणच बिलातून वळता करून घ्यायचा, हे कुठल्याच कार्यालयात टिकत नाही. त्यासाठी फोटो जोडून वेगळा अर्ज दे, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घे. पोच नसलेला अर्ज दिला काय न दिला काय!

आता फेडायचं कसं ते ऐक. पहिल्या हप्त्याला 24,000 भर. मग सहा महिने दरमहा 8,000. शिवाय चालू बिलाचे 3,000 त्या त्या महिन्यात गेलेच पाहिजेत, नाहीतर जुनं फिटेपर्यंत नवं साचतं आणि सगळी तडजोड फुकट जाते. म्हणजे सहा महिने 11,000 ची ओढाताण. तुझ्या मिस्टरांशी बोलून हा आकडा खरंच झेपतो का ते बघ. नसेल झेपत तर 6,000 चे आठ हप्ते मागू. मोठा हप्ता कबूल करून दुसऱ्याच महिन्याला चुकवलास, तर कमिटीत तुझी बाजू घ्यायला माझंही तोंड राहणार नाही.

आणि हप्त्यांसाठी कमिटीला द्यायच्या अर्जात एक वाक्य न विसरता लिही: ‘भरलेली रक्कम प्रथम मुद्दलात जमा करावी.’ नाहीतर 24,000 मधले 12,420 आधी व्याजातच जिरतील आणि मुद्दल 60,420 राहील. त्यावर महिन्याला 906 चढत राहतील. मुद्दलात जमा झाले तर 48,000 उरतात आणि व्याज 720. हप्त्यागणिक ते उतरत जाऊन सहा महिन्यांत नवं व्याज 2,520 होईल. एकूण व्याज मग 14,940.

ते माफ करते असं मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही, कमिटीचाही नाही. सप्टेंबरअखेर वार्षिक सभा होते, तिथे माफीचा अर्ज ठेवू. मुद्दल फिटलेलं असलं तर लोक ऐकून तरी घेतात. तिथे नाकारलं तर व्याजाचेही हप्ते पाडून घेऊ.

एक गोष्ट लपवत नाही. हप्त्यांच्या अर्जात तू देणं लेखी मान्य करतेस. उद्या हप्ते मोडलेस तर तोच कागद सोसायटी उपनिबंधकांपुढे ठेवेल. कलम 154ब-29 खाली वसुली दाखला निघाला, की वसुली अधिकारी जप्तीपर्यंत जाऊ शकतो. त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून 85,900 वर सही करू नकोस. दुरुस्त खातेउतारा हातात आल्यावर 84,420 वरच कर.

पैसे ऑनलाइन पाठवताना शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि ‘थकबाकी मुद्दल’ असं लिही. नुसत्या नावाने आलेले पैसे कुणाचे ते आमच्या लेखनिकाला कळत नाही, मग ते महिनोन् महिने अनामत खात्यात पडून राहतात आणि तुझं व्याज चालूच राहतं.

मंगळवारी कमिटीची बैठक आहे. उतारा मी उद्या आणून देते. तू सोमवारपर्यंत हप्त्यांचा आणि गळतीचा असे दोन्ही अर्ज दे, म्हणजे ठराव त्याच बैठकीत करून घेता येईल. गळतीचा अर्ज सेक्रेटरींच्या हातात दे हं, माझ्या नको. मी खजिनदार, त्याची पोच मला देता येत नाही.