जुलाबाची गोळी : कधी घ्यावी, कधी हातही लावू नये

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, सहलीच्या बॅगेत किंवा घरच्या औषधांच्या डब्यात लोपेरामाइडची छोटी गोळी बहुतेकदा असतेच. ती नेमकं काय करते, ते आज समजून घेऊ.

आतड्याच्या भिंतीतले स्नायू आकुंचन पावून अन्न पुढे ढकलतात. लोपेरामाइड ही हालचाल मंद करते. त्यामुळे मल आतड्यात जास्त वेळ राहतो, शरीराला पाणी शोषायला वेळ मिळतो आणि शौचाच्या फेऱ्या कमी होतात. म्हणजे गोळी जुलाब आवरते, पण जंतू मारत नाही आणि गेलेलं पाणीही भरून काढत नाही. त्यासाठी ओआरएस लागतंच.

एक उदाहरण घेऊ. चाळिशीतल्या एका शिक्षकांना सकाळपासून तीन-चार पातळ शौच झाले. ताप नाही, रक्त नाही, आणि दुपारी बसने पाच तासांचा प्रवास आहे. इथे गोळी चालते. एक गोळी 2 मिलिग्रॅमची असते. सुरुवातीला 2 गोळ्या, मग प्रत्येक पातळ शौचानंतर 1. डॉक्टरांना न विचारता दिवसभरात एकूण 4 गोळ्या, म्हणजे 8 मिलिग्रॅम, ही मर्यादा. दोन दिवसांत थांबलं नाही तर दवाखाना गाठायचा.

आता समजा, त्याच शिक्षकांना संध्याकाळी 102 अंश फॅरनहाइट ताप भरला आणि शौचात आव व रक्त दिसलं. इथे गोळी लगेच बंद! कारण हे साधे जुलाब नसून जंतूंनी आतड्याच्या भिंतीवरच हल्ला केल्याची खूण असू शकते. अशा वेळी आतडं मंद केलं, तर जंतू आणि त्यांचं विष बाहेर पडण्याऐवजी आतच साचतं. क्वचित मोठं आतडं फुगून जिवावर बेतू शकतं. जुलाब थांबले पण पोट फुगून दुखू लागलं, तर त्याला 'बरं वाटतंय' समजू नका. तातडीने रुग्णालयात जा. नुकताच प्रतिजैविकांचा कोर्स झाल्यावर जुलाब लागले असतील, तरीही आधी डॉक्टरांना विचारा.

'दोनने थांबत नाही, मग आठ घेऊ' असंही करू नका. मर्यादेपेक्षा खूप जास्त गोळ्या घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडतात. अमेरिकेच्या एफडीएने 2016 मध्ये याबद्दल इशारा दिला होता.

आणि मुलांचं काय? वर दिलेलं प्रमाण फक्त मोठ्यांसाठी आहे. दोन वर्षांखालील बाळांना ही गोळी पूर्ण वर्ज्य आहे, आणि बारा वर्षांखालील मुलांनाही डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय देऊ नये. म्हणून सहलीत विद्यार्थ्याला जुलाब लागले, तर तुमच्या पर्समधली गोळी त्याच्या हातावर ठेवू नका. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट घोट पाजा आणि पालकांना फोन करा.

थोडक्यात, गोळी तोंडात टाकण्याआधी तीन प्रश्न विचारा : ताप आहे का? रक्त किंवा आव आहे का? पोट फुगलंय का? एकाचंही उत्तर 'हो' आलं, तर गोळी डब्यातच राहू द्या.