दुसऱ्या मताचे पत्र : सोलापूरच्या एका लेकीची फाईल

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर दूरच्या तज्ज्ञाकडून दुसरे मत मागवले जाते, तेव्हा त्या तज्ज्ञासमोर बहुधा रुग्ण नसतो, कागद असतात. आणि ते कागद ज्या क्रमाने समोर येतात त्यावर तज्ज्ञाला नेमके काय दिसेल हे बरेचसे ठरते. पुढील संवादातील रुग्ण उदाहरणासाठी कल्पिलेली आहे : सोलापुरात विड्या वळून संसार केलेली ५८ वर्षांची स्त्री, जिच्या डाव्या स्तनात गाठ सापडली असून शस्त्रक्रियेची तारीख ४ जून ठरली आहे. तिची मुलगी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. तिच्या शंकांना उत्तरे देणारे डॉक्टर निवृत्त विकृतिशास्त्रज्ञ, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून रोग ओळखणारे तज्ज्ञ आहेत.

शिक्षिका : डॉक्टर, परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील तज्ज्ञांसाठी चार पानांचे पत्र तयार आहे. आईला गाठ कधी जाणवली, घरात कोण काय म्हणाले, कोणकोणत्या दवाखान्यांत जावे लागले, हे सगळे त्यात सविस्तर आले आहे. एवढे पुरेल ना?

डॉक्टर : बाई, पत्र मनापासून लिहिलेले आहे, पण त्यातला प्रश्न चौथ्या पानावर सापडतो आणि तोही ‘आता काय करावे’ एवढाच आहे. दुसरे मत देणाऱ्याला आधी हे कळायला हवे की पहिल्या डॉक्टरांनी काय सुचवले आहे आणि त्यातल्या कोणत्या निर्णयाबद्दल विचारणा आहे. म्हणून पहिला परिच्छेद साधारण असा असावा : ‘रुग्ण स्त्री, वय ५८, डाव्या स्तनात ३.२ सेंटिमीटरची गाठ, काखेत एक गाठ हाताला लागते, सुईने काढलेल्या तुकड्यात कर्करोग निश्चित. उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकांनी ४ जूनला संपूर्ण स्तन काढण्याचा सल्ला दिला आहे. शस्त्रक्रिया आधी करावी की औषधोपचार आधी, आणि स्तन राखता येईल का, याविषयी मत हवे आहे.’ पहिल्या डॉक्टरांचा सल्ला लपवू नये. दुसऱ्याचे मत त्यामुळे बांधले जात नाही, उलट मतभेद असलाच तर तो कुठे आहे हे स्पष्ट होते.

शिक्षिका : मग बाकीचा इतिहास गाळायचा का?

डॉक्टर : गाळायचा नाही, निवडायचा. मधुमेहाची गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची आणि दिवसातून किती वेळा, हे पाकिटावर पाहून लिहावे, कारण ‘साखरेची पांढरी गोळी’ एवढ्याने काहीच कळत नाही. पाळी कधी बंद झाली आणि गर्भाशय काढलेले असेल तर अंडाशयही काढले होते का, हे लिहावे. हार्मोनवर वाढणाऱ्या कर्करोगात कोणते औषध द्यायचे हे त्यावर अवलंबून असते. मावशी, आजी किंवा बहीण यांपैकी कोणाला स्तनाचा अथवा अंडाशयाचा कर्करोग झाला असेल, तर तो कोणत्या वयात झाला तेही हवे. आणि एक गोष्ट, जी बहुतेक घरांत अवघड जाते : आजाराचे नाव आईला सांगितले आहे की नाही, हे पत्रात स्पष्ट लिहावे आणि शक्य असेल तर त्यावर आईची सही घ्यावी. निर्णय तिच्या शरीराबद्दलचा आहे.

शिक्षिका : अहवाल तर सगळे जोडले आहेत. मोबाईलवर फोटो काढून एकत्र केले आहेत.

डॉक्टर : त्यातच खरी मेख आहे. अहवाल म्हणजे एका डॉक्टरने जे पाहिले त्याचे वर्णन. दुसरे मत हवे असेल तर दुसऱ्याला ती मूळ वस्तूच पाहता आली पाहिजे. मॅमोग्राफीची मूळ चित्रे सीडीवर मिळतात, ती घ्यावीत. बायोप्सीचा तुकडा प्रयोगशाळेत मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवलेला असतो आणि त्याचे पातळ काप काचपट्ट्यांवर घेतलेले असतात. ठोकळा आणि पट्ट्या दोन्ही मागाव्यात. नोंदींच्या प्रतींसाठी लेखी अर्ज केल्यास त्या ७२ तासांत द्याव्यात, असा भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत नियम आहे. ठोकळ्यावरचा क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक तिथेच ताडून पाहावेत, ठोकळा देताना-घेताना पावती घ्यावी आणि काम झाल्यावर तो परत हवा असे पत्रात लिहावे, कारण तेवढाच तुकडा शिल्लक असतो. सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो आणि उन्हातल्या बंद गाडीत त्याहून पुष्कळ तापते. मेण मऊ पडू नये म्हणून ठोकळा तिथे ठेवू नये.

शिक्षिका : तारखांप्रमाणे क्रम लावला, तर १२ मे मॅमोग्राफी, १५ मे बायोप्सी, २० मे तिचा अहवाल आणि २६ मे हा शेवटचा कागद येतो. या शेवटच्या कागदावर ‘हर-टू २+’ असे लिहिले आहे. दोन अधिक म्हणजे पॉझिटिव्हच ना?

डॉक्टर : नाही, आणि सगळ्या फाईलमधली सर्वांत महत्त्वाची ओळ हीच आहे. हर-टू हे पेशीच्या पृष्ठभागावरील एक प्रथिन आहे. ते फार जास्त असेल तर गाठ वेगाने वाढते, पण त्यावर नेमकी लागू पडणारी औषधेही उपलब्ध आहेत. पेशींना रंग देऊन त्याची तपासणी होते : ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह आणि २+ म्हणजे संदिग्ध. संदिग्ध उत्तर आले की ‘फिश’ नावाची पुढची चाचणी करावी लागते, ज्यात पेशीच्या केंद्रकात त्या जनुकाच्या किती प्रती आहेत ते मोजतात. तारखांच्या यादीत २६ मे नंतर ती चाचणी कुठे आहे?

शिक्षिका : यादीत नाही. कोणी ती सांगितलेलीही नाही.

डॉक्टर : कागद विखुरलेले असताना ही रिकामी जागा कोणाच्या लक्षात आली नाही, क्रम लावताच दिसली. आईची गाठ दोन सेंटिमीटरहून मोठी आहे आणि काखेतही गाठ लागते आहे. तिथेही रोग पोचला आहे का, हे सुईने तपासले नसेल तर तेही विचारावे. अशा वेळी फिश पॉझिटिव्ह आली तर सहसा केमोथेरपी आणि हर-टूवरचे औषध आधी देतात आणि नंतर शस्त्रक्रिया करतात, कारण गाठ औषधाला किती दाद देते हे त्यातून कळते आणि ती पुरेशी आक्रसली तर स्तन राखण्याची शक्यताही वाढते. निगेटिव्ह आली तर आधी शस्त्रक्रिया करण्याचा सल्ला योग्य ठरू शकतो. म्हणजे पत्रातला मूळ प्रश्न या एका उत्तरावर टांगलेला आहे.

शिक्षिका : त्यासाठी पुन्हा सुई टोचावी लागेल का?

डॉक्टर : ठोकळ्यात पुरेसा तुकडा असेल तर नाही, त्याच मेणाच्या ठोकळ्यातून नवे काप घेऊन फिश करतात. दरम्यान हृदयाची इको तपासणी इथेच करून घ्यावी, कारण हर-टूवरची औषधे हृदयाच्या आकुंचनशक्तीवर परिणाम करू शकतात आणि ती सुरू करण्यापूर्वीची नोंद लागतेच.

शिक्षिका : पण ४ जूनच्या आत फिशचे उत्तर आले नाही तर? उशिराने रोग पसरेल, ही धास्ती घरात सर्वांना आहे.

डॉक्टर : निदानापासून उपचार सुरू होईपर्यंत काही आठवडे गेले तर सहसा निकालात फरक पडत नाही, महिने मात्र जाऊ देऊ नयेत. मतांमागून मते गोळा करीत बसले की हेच होते. ‘हर-टू २+ आले आहे, फिश झालेली नाही’ हे आजच पहिल्या शल्यचिकित्सकांना लेखी कळवावे. कदाचित तेच तारीख पुढे ढकलतील आणि चाचणी सोलापुरातूनच पाठवतील, किंवा जिल्ह्यातच बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये विचारायला सुचवतील. परळच्या पत्रात तेच वाक्य प्रश्नाखाली दुसऱ्या परिच्छेदात घालावे, मग तारखांची यादी, औषधांची यादी आणि त्याच क्रमाने क्रमांक घातलेले अहवाल. चार पानांतला बाकीचा मजकूर काढून टाकायला नको, तो घरच्या फाईलमध्ये राहू द्यावा. पत्र दीड पानाचे झाले की शेवटच्या ओळीत ४ जूनची तारीख, पहिल्या डॉक्टरांचे नाव आणि उत्तर कोणत्या क्रमांकावर कळवावे, एवढे लिहावे.