रिचार्ज संपला, ओटीपी अडकला

आमच्या कळसाडीतून परदेशी शिकायला निघालेल्या मुलाला सगळे सांगतात ते एकच: इथूनच महिन्याभराचं रोमिंग घे, तिथे कुठे सिम शोधत बसशील! मीही जर्मनीला निघताना तसंच केलं. पहिले काही दिवस त्याचा उपयोग झाला, हे खरं. विमानतळावरून खोलीपर्यंतचा रस्ता नकाशावर दिसला आणि पोहोचल्या पोहोचल्या आबांना व्हॉट्सअॅपवर कळवता आलं. पण चौथ्या आठवड्यात शैक्षणिक कर्जाच्या खात्यातून पैसे पाठवायला बसलो, तर ओटीपी येईना. रोमिंग पॅकचे दोन दिवस अजून शिल्लक होते. मूळ रिचार्ज मात्र 28 दिवसांचा होता, तो आधीच संपला होता. पॅकची मुदत वेगळी आणि नंबरची वैधता वेगळी, हे दुकानदाराने सांगितलं नव्हतं. दादाने गावातून माझा नंबर रिचार्ज केला, तेव्हा तासाभराने ओटीपी आला.

म्हणून ‘रोमिंग की तिथलं सिम’ या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की दोन्ही ठेवा, पण त्यांची कामं वाटून द्या. भारतीय नंबरचं काम बँक, आधार आणि डिजिलॉकरचे संदेश घेण्याचं. इंटरनेट, तिथले कॉल, विद्यापीठ आणि डॉक्टर यांच्यासाठी तिथला नंबर.

भारतीय नंबरला महागडा पॅक लागत नाही. निघण्यापूर्वी कंपनीच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या. येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या परदेशात पैसे लावत नाहीत. येणारा कॉल उचलला तर मात्र लावतात. म्हणून घरच्यांना साधा कॉल न करता व्हॉट्सअॅपवरच बोलायला सांगून ठेवा. डेटा रोमिंग बंद ठेवलं तरी एसएमएस येतो. नंबर जिवंत ठेवायला लांब मुदतीचा रिचार्ज घ्या. डिसेंबर 2024 मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवायला सांगितलं, त्यांची मुदत 365 दिवसांपर्यंत असू शकते. वापरणार नाही त्या डेटाचे पैसे वाचतात. पुढची तारीख घरात कुणाच्या तरी कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आपल्याकडे अनेक मुलांचं सिम वडिलांच्या किंवा मोठ्या भावाच्या नावावर असतं. सिम हरवलं, तर नवं घ्यायला ज्याच्या नावावर आहे त्यालाच ओळखपत्र घेऊन दुकानात जावं लागतं. त्यामुळे वडिलांच्या नावावरचं सिम तेच काढून आणू शकतात, पण तुमच्या नावावरचं कळसाडीतून कुणी काढून देणार नाही. ते कुणाच्या नावावर आहे हे निघण्याआधी तपासा. भारतीय सिम कार्डाच्याच रूपात ठेवा आणि तिथलं ई-सिम घ्या. फोन फुटला तर कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं. तुमचा फोन ई-सिम घेतो का हे *#06# दाबून कळतं: IMEI च्या जोडीला EID दिसला तर घेतो.

इंटरनेटवर विकत मिळणारी प्रवासी ई-सिम सोयीची असतात, पण बहुतेकांना फोन नंबरच नसतो, फक्त डेटा असतो. शिकायला जाणाऱ्याला ती पहिल्या आठवड्यापुरतीच उपयोगी. जर्मनीत खोलीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, मग बँक खातं, विमा. यातल्या बहुतेक अर्जांवर फोन नंबर मागतात.

जर्मनीत 1 जुलै 2017 पासून प्रीपेड सिमसाठीही ओळख पटवणं सक्तीचं आहे. बऱ्याचदा व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट तिरका करून त्यावरचं चमकणारं चिन्ह दाखवावं लागतं. इंटरनेट अडखळलं तर कॉल तुटतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागतं. म्हणून हे वसतिगृहाच्या वायफायवर, दिवसाउजेडी करा. व्हिडिओवर पासपोर्ट मान्य झाला नाही, तर पोस्टाच्या कार्यालयात जाऊन ओळख पटवण्याची सोय काही कंपन्या देतात. त्यानंतर चार आठवड्यांचं साधं प्रीपेड दहा युरोच्या आसपास, म्हणजे हजारेक रुपयांत मिळतं. रोमिंगच्या महिन्याच्या पॅकला काही हजार जातात. शिवाय 2017 पासून ते सिम युरोपीय संघाच्या इतर देशांतही जादा आकाराशिवाय चालतं.

त्यामुळे रोमिंगचा पॅक घ्यायचाच तर तिथलं सिम मिळेपर्यंतचा, आठवडा-दहा दिवसांचा घ्या. उतरल्यावर पहिल्याच दिवशी बँकेच्या अॅपमधून एक ओटीपी मागून बघा. आला नाही, तर नेटवर्कच्या सेटिंगमधली आपोआप निवड बंद करून यादीतली दुसरी कंपनी निवडा आणि फोन बंद करून चालू करा. तरीही आला नाही, तर भारतातल्या रिचार्जची वैधता तपासा.