सेकंदांची गणती आणि जबलपूरचे घड्याळ

संगणक अनेकदा व्यवहाराची वेळ तारखेच्या रूपात न साठवता एका संख्येच्या रूपात साठवतो. युनिक्स पद्धतीत ही संख्या म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या प्रारंभापासून लोटलेले सेकंद. हा आरंभक्षण साऱ्या जगासाठी एकच असल्याने जबलपूर व लंडन येथे एकाच क्षणी संख्याही एकच असते. म्हणूनच तीत कोणत्याही प्रदेशाची खूण नसते. प्रदेश विचारात घ्यावा लागतो तो संख्या वाचताना.

समजा, जबलपूरच्या एका खातेदाराच्या व्यवहारापुढे १७११९१३४०० अशी नोंद आहे. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी तिला भागल्यास १९,८१३ पूर्ण दिवस होतात व ७०,२०० सेकंद उरतात. जागतिक प्रमाणवेळेनुसार ही ३१ मार्च २०२४ रोजी सायंकाळी साडेसातची वेळ. भारतीय प्रमाणवेळ साडेपाच तासांनी, अर्थात १९,८०० सेकंदांनी पुढे आहे. तेवढे मिळवताच उरलेले सेकंद ९०,००० होतात. त्यांत आणखी एक दिवस भरून एक तास उरतो. जबलपूरमध्ये तेव्हा १ एप्रिलच्या पहाटेचा एक वाजलेला असतो. हे रूपांतर राहून गेले, तर नव्या आर्थिक वर्षाचा व्यवहार जुन्या वर्षात दिसेल.

याउलट, साठवतानाच १९,८०० मिळवले आणि दाखवताना पुन्हा मिळवले, तर सकाळचे साडेसहा दिसतात. फरक नेमका साडेपाच तासांचा असेल, तर दोष बहुधा रूपांतरात असतो. साठवलेली संख्या मूळचीच ठेवावी आणि दाखवताना `Asia/Kolkata` हा कालविभाग निवडावा.