टॅगवर एक्सएल, अंगात एल

आमगावची एक मुलगी गाडीने गोंदियाला आली, स्थानकाबाहेर माझ्याकडून मरून रंगाची वापरलेली सुती कुर्ती घेऊन गेली आणि संध्याकाळी तिचा मेसेज आला, "ताई, काखेत घट्ट होते. आणि तिथे रंगही उडालाय." मी पोस्टच्या कॅप्शनमध्ये लिहिलं होतं: 'मरून कुर्ती, एक्सएल, छान कंडिशन, २५० रुपये'. त्यातला एक्सएल टॅगवरचा होता आणि 'छान' माझ्या मनातलं.

ती परत आल्यावर मी पहिल्यांदा टेप लावली. कुर्ती सपाट पसरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत २० इंच भरले, म्हणजे छाती ४०. न ताणणाऱ्या सुती कापडाला अंगापेक्षा दोन इंच तरी सैल हवं, म्हणून ती ३८ छातीच्या बाईलाच नीट बसणार. या मुलीची छाती ४०. धुऊन धुऊन कापड आटलं होतं, टॅग मात्र तसाच राहिला होता. आत उलटून पाहिलं तर दोन्ही बाजूंच्या शिवणीत पुढे-मागे अर्धा अर्धा इंच जादा माया होती. ती उसवली की घेर दोन इंचांनी वाढतो, पण जुन्या शिलाईची रेघ दिसत राहते. हे आधी लिहिलं असतं तर घ्यायची की नाही, हे तिला घरीच ठरवता आलं असतं. मी तिचे पैसे आणि गाडीभाडं परत दिलं.

रंग उडालेला मला दिसलाच नव्हता, कारण फोटो रात्री ट्यूबलाइटखाली काढला होता. आता सकाळी खिडकीपाशी काढते आणि काख, कॉलर, चेन यांचे जवळून वेगळे फोटो टाकते.

त्याच कुर्तीवरून, ती पहिल्यांदा विकताना, एक भांडणही झालं होतं. एकीने कमेंटमध्ये 'घेते' लिहिलं, दुसरीने, म्हणजे याच आमगावच्या मुलीने, थेट पैसे पाठवले. मी पैसेवालीला दिली आणि पहिली दुखावली. तिचं बरोबर होतं, नियम मी सांगितलाच नव्हता.

दुसऱ्यांदा तीच कुर्ती अशी टाकली:

'क्र. ७. मरून सुती कुर्ती. छाती ४० (अंग ३८ पर्यंत), लांबी ४२ इंच. माया उसवून छाती ४२ होईल, जुनी रेघ दिसेल. उजव्या काखेत रंग उडालेला, फोटो ३ पाहा. १५० रुपये. रात्री ८ नंतर कमेंटमध्ये "७ घेते" लिहिणारी पहिली, मेसेज धरला जाणार नाही. ३० मिनिटांत पैसे नाही आले तर पुढची. रविवारी १० ते १२, गोंदिया स्थानकाबाहेर. गाडी उशिरा असेल तर कळवा, थांबते. जागेवरच उलटून पाहा, न लिहिलेला दोष निघाला तर पैसे लगेच परत.'

तिरोड्याच्या एका बाईंनी ती घेतली. स्थानकाबाहेरच काख उलटून पाहिली, म्हणाल्या, "फोटोत होतं तेवढंच आहे," आणि पिशवीत टाकली.